विश्लेषण : ऑफिसातला वाद रात्री दोन वाजता का आठवतो?

समजा, बँकेच्या शाखेत काम करणारी एक अधिकारी आहे. संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारले, 'हे कर्जप्रकरण तुमच्यामुळेच रखडले ना?' ती गप्प बसली. स्वयंपाक, मुलाचा अभ्यास यांत विषय मागे पडला. साडेअकराला दिवा मालवला आणि चोख उत्तर सुचले. मग त्यावर साहेब काय म्हणतील, त्यावर आपण काय म्हणू... घड्याळात दोन वाजले.

असे का होते?

दिवसा लक्ष गुंतवायला शंभर कामे असतात, अंधारात एकही नसते. त्यामुळे अर्धवट राहिलेला विषय वर येतो. वाद मनातल्या मनात चालला, तरी शरीर तो खरा धरते. छाती धडधडते, जबडा आवळला जातो. 'आता विचार करायचाच नाही' हा निश्चयही उलटतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितले. त्यांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा डोकावत राहिले.

असे रोज होऊ लागले, की अंथरूण हीच भांडणाची जागा होते. सोफ्यावर डुलक्या घेणारी व्यक्ती गादीवर पडताच टक्क जागी होते, ती यामुळे.

मग करायचे काय?

पहिला उपाय संध्याकाळचा. जेवणाआधी दहा मिनिटे कागद घ्यायचा. काय झाले ते दोन ओळींत आणि उद्याचे पुढचे पाऊल एका ओळीत लिहायचे. 'साहेबांशी बोलायचे' असे मोघम नको. 'अकरा वाजता फाइल घेऊन जायचे, कोणती कागदपत्रे ग्राहकाकडून यायची आहेत ते दाखवायचे' असे नेमके हवे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ५७ तरुणांपैकी निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिली, उरलेल्यांनी झालेल्या कामांची. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे आधी झोप लागली. अभ्यास लहान होता, पण कागदाला खर्च तो काय!

दुसरा उपाय अधिक कठीण. साधारण वीस मिनिटे झोप आली नाही, तर अंथरुणातून उठायचे. वेळ अंदाजानेच धरायची, घड्याळ बघायचे नाही. मंद उजेडात कपड्यांच्या घड्या घालाव्यात किंवा जुना अंक चाळावा, मोबाइल नको. डोळे जड झाले की परत जायचे, गरज पडल्यास पुन्हा उठायचे. सकाळी मात्र ठरल्या वेळीच उठायचे, दुपारची झोप टाळायची. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत निद्रानाशावरील मानसोपचारात आजही वापरली जाते. पहिल्या आठवड्यात थकवा वाढू शकतो आणि काही जण तिथेच सोडून देतात. त्या दिवसांत पेंगुळलेल्या अवस्थेत गाडी चालवू नये.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिने असेच चालले तर डॉक्टरांना दाखवावे. सोबत उदासी असेल, तर तीन महिने थांबूच नये. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येते.