गेलेली ऑर्डर, दोन ओळींचा मेल

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात फाउंड्रीसाठी लागणारे डस्ट कलेक्टर बनतात. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीने फेटलिंग विभागासाठी, म्हणजे जिथे कास्टिंग घासून साफ करतात त्या जागेसाठी, कोटेशन मागवलं होतं. भोसरीकरांनी 9 लाख 40 हजार सांगितले. दुसऱ्या पुरवठादाराने 7 लाख 80 हजारांत काम देऊ केलं आणि ऑर्डर त्याला गेली. पर्चेसवाल्यांनी तसं कळवलं आणि विषय तिथेच संपला. त्यानंतर वर्षभर दोन्हीकडून एक शब्दही नाही.

1 लाख 60 हजारांचा हा फरक कापडाचा होता. ताशी 10 हजार घनमीटर हवा गाळायची तर मिनिटाला साधारण 167 घनमीटर हवा बॅगांमधून जाते. 150 मिलिमीटर व्यासाच्या, 3 मीटर लांबीच्या एका बॅगेचं कापड 1.4 चौरस मीटर भरतं. भोसरीच्या कोटेशनमध्ये अशा 84 बॅगा होत्या, स्वस्त कोटेशनमध्ये 60. बॅगा कमी म्हणजे तीच हवा कमी कापडातून जोराने घुसणार. मग बारीक धूळ कापडात खोलवर रुतते, हवेचा झोत मारूनही झडत नाही आणि बॅगा लवकर निकामी होतात. मॅनोमीटरचा आकडा चढत जातो, ब्लोअरला हवा खेचता येत नाही आणि ग्राइंडरपाशी उभ्या कामगाराच्या तोंडावर पुन्हा धूळ येऊ लागते.

यंत्र बसवलं त्या दिवशी यातलं काहीच दिसत नाही. ते दिसायला काही महिने जातात. तोवर वॉरंटी चालू असते, पुरवठादार येऊन बॅगा बदलून देतो, त्यामुळे तक्रार प्लँटच्या बाहेर येत नाही. अशा यंत्रांची वॉरंटी बहुधा चालू केल्यापासून 12 महिन्यांची असते. ती संपली की बॅगांचा खर्च फाउंड्रीच्या खिशातून जायला लागतो. भोसरीच्या मालकांनी हा हिशेब डायरीत लिहून ठेवला होता. वॉरंटी संपत आली त्या सुमारास त्यांनी प्लँटच्या साहेबांना, गेल्या वर्षीच्याच मेलला उत्तर म्हणून, दोन ओळी पाठवल्या:

‘साहेब, फेटलिंगच्या धुळीचा प्रश्न आता मिटला आहे, असं समजू का?
सध्याच्या बॅगा किती महिने टिकतात?’

सोबत ब्रोशर नव्हतं, सवलत नव्हती, ‘भेटायला कधी येऊ’ हेही नव्हतं. जुन्याच मेलला उत्तर दिल्यामुळे खाली ड्रॉइंग आणि 84 बॅगांचं कोटेशन आपसूक हजर होतं. दुसरा प्रश्न असा होता की त्याचं उत्तर साहेबांना कुणालाही न विचारता देता येत होतं. पहिल्याची गंमत त्याच्या नकारात आहे. ‘अजून गरज आहे का?’ याला ‘हो’ म्हटलं की माणूस अडकतो, विक्रेता दारात येऊन बसतो. ‘मिटला का?’ याला ‘नाही’ म्हणणं सोपं जातं. अमेरिकेच्या एफबीआयमध्ये ओलिसांच्या सुटकेसाठी वाटाघाटी करणारे ख्रिस व्हॉस यांनी 2016 च्या आपल्या पुस्तकात उत्तर न देणाऱ्या माणसाला अशाच धाटणीचा प्रश्न पाठवायला सांगितलं आहे.

उत्तर आलं: ‘मिटला नाही. चार महिन्यांत बॅगा जातात. येऊन बघा.’

मात्र जुनी ऑर्डर जशीच्या तशी परत आली नाही. नुकतंच घेतलेलं यंत्र भंगारात काढा, असं मॅनेजमेंटला कोण सांगणार? भोसरीकरांनी त्यालाच जोडायचा 24 बॅगांचा वेगळा कप्पा सुचवला. कापड 84 बॅगांइतकं झालं, जुनं यंत्र वाया गेलं नाही आणि आधीच्या खरेदीवर सही केलेल्या माणसाची मानही खाली गेली नाही. जुन्या कोटेशनची मुदत केव्हाच संपली होती, त्यामुळे पत्र्याचे आणि कापडाचे चालू भाव धरून नवा दर दिला गेला.

हा मेल सगळीकडे चालत नाही. दर आठवड्याला ‘काय झालं साहेब?’ विचारणाऱ्याने तोच प्रश्न पाठवला, तर ‘हो, मिटला’ म्हणून त्याला वाटेला लावतात. मेल पोचला नाही असा संदेश उलट आला, तर माणसाने नोकरी सोडलेली असू शकते. प्लँटला फोन करून नवं नाव विचारावं. आणि ज्याला काम मिळालं त्याने ते चोख केलं असेल, तर दोन ओळी काय, दोन पानंही उपयोगाची नाहीत.

ऑर्डर हातची गेली की आपण फाइल बंद करतो. त्याआधी तिच्यावर दोन गोष्टी लिहून ठेवा: समोरच्याने नेमकं काय कमी देऊन भाव पाडला, आणि त्याची वॉरंटी कधी संपते. त्या तारखेच्या आधी मेल पाठवू नका.