पोकळ शाफ्टची ताकद कुठून येते?

ट्रकखाली वाकून पाहिलं, तर गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत गेलेला प्रोपेलर शाफ्ट दिसतो. इंजिनाचा सगळा पीळ तोच चाकांकडे नेतो. एवढं जड काम करणारा हा शाफ्ट भरीव नसतो, तर ती असते पोलादी नळी.

याचं कारण पिळाच्या स्वभावात आहे. शाफ्टला पीळ दिला की सगळ्या धातूवर सारखा ताण येत नाही. मध्यभागी तो शून्य असतो आणि बाहेर जाताना वाढत वाढत पृष्ठभागावर सर्वाधिक होतो. शिवाय लांब दांड्याच्या पान्याने नट सहज सुटतो, तसा मध्यापासून दूरचा धातू पिळाला जास्त जोराने विरोध करतो. त्यामुळे भरीव शाफ्टच्या निम्म्या व्यासापर्यंतचा गाभा वजनाचा चौथा हिस्सा असतो, पण पिळाचा भार उचलतो जेमतेम सोळावा हिस्सा.

आता हिशेब करू. एक भरीव शाफ्ट ६० मिमी व्यासाचा. दुसरा पोकळ, बाहेरून १०० आणि आतून ८० मिमी. दोन्ही एकाच पोलादाचे असतील तर दोघांचंही वजन मीटरला सुमारे २२ किलो भरतं. पृष्ठभागावरचा ताण ४० मेगापास्कलच्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं, तर भरीव शाफ्ट सुमारे १,७०० न्यूटन-मीटर पीळ पेलतो आणि पोकळ शाफ्ट सुमारे ४,६०० न्यूटन-मीटर. म्हणजे मजबुती पावणेतीन पट. ताठरपणात फरक आणखी मोठा आहे. सारखाच पीळ आणि सारखीच लांबी असेल, तर भरीव शाफ्ट पोकळ शाफ्टच्या साडेचार पट जास्त पिळला जातो.

मात्र ही तुलना सारख्या वजनाची आहे, हे विसरू नये. ६० मिमीच्या भरीव शाफ्टला मधून भोक पाडलं तर तो हलका होईल, मजबूत नाही. फायदा भोकाचा नाही. तेवढाच धातू मध्यापासून दूर नेल्याचा आहे.

मग व्यास वाढवतच का नेत नाहीत? कारण वजन तेवढंच ठेवायचं तर भिंत पातळ होत जाते. बाहेरचा व्यास २०० मिमी केला, की भिंत १० मिमीवरून साडेचार मिमीच्या आसपास येते. आणखी पुढे गेलं, की ताणाची मर्यादा गाठण्याआधीच नळीवर तिरक्या सुरकुत्या पडतात आणि ती चेपते. दगड लागून पोचा पडला तरी फिरण्याचा तोल जातो, आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरू लागते. तोल साधण्यासाठी नळीवर वेल्ड केलेला पत्र्याचा छोटा तुकडा निखळला, तरी हेच होतं.

शिवाय जाड नळीला जागा लागते आणि तिच्या टोकांना जोड वेल्ड करावे लागतात. म्हणून जागा अपुरी असेल किंवा शाफ्ट आखूड आणि स्वस्त हवा असेल, तिथे भरीवच बरा. पण शाफ्ट लांब असेल, वजन मोजूनमापून वापरायचं असेल आणि जागा असेल, तर पोकळच घ्यावा.