मुखत्यारपत्र रद्द केलं, पण बँकेला सांगितलं का?

समजा, वरोऱ्यातलं दुकान भाच्याकडे सोपवून तुम्ही पुण्याला गेलात. मुखत्यारपत्रात भाडं घेणं आणि बँकेचा व्यवहार एवढंच लिहिलंय, तर त्याला दुकान विकता येत नाही की गहाण ठेवता येत नाही. मालक तुम्हीच.

आता अधिकार काढून घ्यायचेत? रद्दपत्र करून कपाटात ठेवू नका. करार कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे रद्द केल्याचं भाच्याला कळलं की त्याच्यापुरतं लागू होतं, आणि बँकेला कळलं की बँकेपुरतं. तोवर बँकेने त्याच्या सहीवर पैसे दिले, तर तो व्यवहार तुमच्यावर बंधनकारक ठरू शकतो. म्हणून दोघांनाही लेखी कळवा, पोच घ्या, मूळ कागद परत मागा.

एक अपवाद आहे. भाच्याने तुम्हाला उसने दिलेले पैसे भाड्यातून वसूल करायलाच हा अधिकार दिला असेल, तर ते फिटेपर्यंत, तसा वेगळा करार नसल्यास, कलम २०२ मुळे तो एकतर्फी काढता येत नाही.