बोट दिसले की दिसली?

‘धुक्यातून बोट दिसेल.’ एवढेच वाक्य वाचले तर त्यातले बोट हाताचे की समुद्रातली बोट, हे कोणालाही सांगता येणार नाही. आता हेच वाक्य भूतकाळात घ्या. ‘धुक्यातून बोट दिसले’ म्हटले की कोणीतरी खूण करत असावे आणि ‘बोट दिसली’ म्हटले की धक्क्यावरची माणसे सामान उचलायला लागतात. शब्द तोच, वाक्यही तेच. बदलले ते फक्त क्रियापदाचे लिंग. भविष्यकाळातल्या ‘दिसेल’ला ना स्त्रीलिंग ना नपुंसकलिंग, म्हणून तिथे घोटाळा होतो.

एकमेकांशी काहीही नाते नसलेले दोन-तीन अर्थ एकाच शब्दात येऊन बसलेले असतात, तेव्हा मराठीत त्यांची पहिली निवड बहुतेक वेळा लिंगच करते. ‘माझा हार’ गळ्यात पडतो, ‘माझी हार’ जिव्हारी लागते. ‘त्याचा मान’ राखायचा असतो, ‘त्याची मान’ अवघडते. तो पाठ शाळेत शिकवतात, ती पाठ घरी आल्यावर दुखते. शब्दकोशात अशा शब्दांना सहसा वेगवेगळ्या नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘पु.’, ‘स्त्री.’ किंवा ‘न.’ असे छापलेले असते. अर्थ शोधताना ते अक्षर आधी पाहिले तर निम्मे काम होते.

लिंगाचा दुसरा पुरावा सामान्यरूपात, म्हणजे विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे रूप होते त्यात, सापडतो. ओसाड, उंचावरचा माळ पुल्लिंगी, म्हणून गुरे ‘माळावर’ चरतात. मण्यांची माळ स्त्रीलिंगी, म्हणून मणी ‘माळेत’ ओवतात. ही दुसरी माळ संस्कृत ‘माला’वरून आली. मराठीत येताना तिचा शेवटचा ‘आ’ गळाला आणि ती दिसायला त्या उजाड माळासारखी झाली. पण ती मुळात आकारान्त स्त्रीलिंगी होती, याची खूण ‘माळेत’मधल्या एकारात अजून टिकून आहे. ‘मन्या’पासून आलेली मान तशीच: ‘मानेवर’ ओझे आणि ‘मानाने’ निमंत्रण. काही स्त्रीलिंगी शब्दांत एकाराऐवजी ईकार येतो. मांडव्याला ‘बोटीने’ जातात, चटणी ‘बोटाने’ चाखतात.

‘नाव’ या शब्दाची गोष्ट तर लेखनाच्या इतिहासात शिरते. होडीचे ‘नाव’ संस्कृत ‘नौ’पासून, माणसाचे ‘नाव’ ‘नाम’पासून. जुन्या पुस्तकांत माणसाचे ‘नांव’ अनुस्वार देऊन छापलेले दिसते. तो टिंब मुळातल्या ‘म’ची आठवण होता, उच्चारात मात्र येत नव्हता. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन-नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि होडी व ओळख कागदावर एकसारखी झाली. तरी कोणाचे अडले नाही. ‘तिच्या नावाने’ आणि ‘तिच्या नावेने’ यांत गल्लत होत नाही. डोळ्यांचा आधार गेला, व्याकरणाचा राहिला.

उलटही घडते. ‘जून’ महिना आणि ‘जून’ भेंडी लिहायला सारखेच, पण महिन्याचा ज ‘जीव’मधला आणि भेंडीचा ‘जग’मधला. बोलणारा सहज वेगळे करतो, वाचणाऱ्याला मात्र शेजारचा शब्द पाहावा लागतो.

लिंगही हात टेकते ते ‘कळ’सारख्या शब्दापाशी. यंत्राची कळ, पोटातली कळ, भांडणाची कळ या तिन्ही स्त्रीलिंगी. इथे क्रियापदाकडे पाहावे लागते. त्याचे रूप नव्हे, त्याचा अर्थ. दाबली असेल तर यंत्राची, उठली असेल तर पोटातली, लावली असेल तर भांडणाची. ही जोडी वापराने इतकी पक्की झाली आहे की ‘कळलाव्या’ म्हटल्यावर कोणी यंत्रे जोडणारा कारागीर समजत नाही. ‘कळीचा मुद्दा’ म्हणजे कुलूप उघडणारी कळ, ‘कळीचा नारद’ म्हणजे भांडण. उमलणाऱ्या कळीचा दोन्हींशी संबंध नाही. ‘वार’ही तसाच: वार केला म्हणजे घाव, वार कोणता म्हणजे सोमवार-मंगळवार आणि पाच वार म्हणजे कापड. तिन्ही पुल्लिंगी आहेत. गाय व्यायल्यावर पडते ती वार तेवढी स्त्रीलिंगी.

क्रियापदच बिनचेहऱ्याचे असले तर? ‘तो मागावर आहे.’ ‘आहे’ काहीच सांगत नाही, आणि कापड विणायचा माग व पावलांचा माग हे दोन्ही पुल्लिंगी, दोघांचेही ‘मागावर’च होते. मग ‘तो’ कोण हे पाहायचे. इचलकरंजीत कामगाराबद्दल कोणी असे म्हणाले तर त्याची पाळी चालू आहे. पोलिसाबद्दल म्हणाले तर कोणीतरी फरार आहे.

सर्वांत अवघड गाठ ‘भाव’ आणि ‘भाऊ’ यांची. एरवी हे दोन शब्द वेगळेच आहेत. पण प्रत्यय लावताना भाऊमधल्या ‘ऊ’चा ‘वा’ होतो आणि दोघांचेही ‘भावा’ होते. आता लासलगावच्या बाजारात कानावर पडेल असे एक वाक्य घ्या: ‘यंदा भावाने रडवले.’ लिंग एकच, सामान्यरूप एकच, प्रत्यय एकच; आणि रडवायचे काम कांद्याचा दर करतो तसे सख्खा भाऊही करतो. ‘यंदा’ हा शब्द दराकडे थोडा झुकतो, कारण दर हंगामागणिक बदलतो. पण वाटणीचा तंटा याच वर्षी उभा राहिला असेल तर तोही दुवा निसटतो.

अशा वेळी वाक्याबाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसते. पुढचे वाक्य ‘काढणीचा खर्चही निघाला नाही’ असेल तर दर. ‘सातबाऱ्यावर सही द्यायला तयार नाही’ असेल तर भाऊ. पुढचे वाक्य नसले तर मागे लागलेले एक विशेषण पुरते: ‘चढ्या भावाने’ विकतात, ‘धाकट्या भावाने’ विकायला लावले असे म्हणतात. पण विशेषण निवडून घ्यावे लागते. ‘त्याच भावाने शेत विकले’ यात ‘त्याच’ दोघांनाही चालतो. पहिल्याच दराने की पहिल्याच भावाने, हे उलगडत नाही. शिवाय ‘विकले’ हे रूप शेताप्रमाणे चालते, त्यामुळे क्रियापदही इथे साक्ष देत नाही.

म्हणून अडलेल्या वाचकाने क्रमाने तीन गोष्टी पाहाव्यात. शब्दाला जोडलेले ‘चा-ची-चे’, भूतकाळी क्रियापद किंवा सामान्यरूप लिंग सांगते का? नसल्यास जोडीचे क्रियापद किंवा विशेषण कोणत्या अर्थाशी नेहमी राहते? तेही नसल्यास कोण कोणाबद्दल बोलत आहे? लिहिणाऱ्याने मात्र उलट तपासणी करावी. मथळा, पाटी, मोबाइलवरचा निरोप अशा तोकड्या मजकुरात मागचे-पुढचे वाक्य नसते आणि जागा वाचवताना ‘चा-ची-चे’ व क्रियापद हेच आधी कापले जातात. नेमके अर्थ सांगणारे शब्द जातात आणि दोन अर्थांचा शब्द उरतो.

त्यावरचा उपाय बोलणाऱ्यांनी केव्हाच करून ठेवला आहे. माळरान, आगबोट, यंत्रमाग, बाजारभाव या जोडशब्दांत संदर्भ शब्दालाच शिवलेला आहे. पाटीवर एकच शब्द मावत असेल तर तो असा असावा. ‘बाजारभावाने रडवले’ लिहिले की लासलगावच्या त्या वाक्यातल्या भावावर बिचाऱ्यावर आळ येत नाही.