डायनॅमिक डीएनएस लावलं, तरी सर्व्हर उघडेना?

गैरसमज : डीडीएनएस लावलं की घरचा सर्व्हर कुठूनही उघडतो.

हे ऐकून ऐकून कान किटले. नाव बरोबर आयपी दाखवतं, राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलेलं असतं, तरी बाहेरून काहीच उघडत नाही. मग लोक डीडीएनएसची सेवा बदलतात, राउटर बदलतात. दोष दोन्हींत नसतो.

डीडीएनएसचं काम एवढंच: घरातला छोटा प्रोग्राम आपला बाहेरचा आयपी पाहत राहतो आणि तो बदलला की नावासमोरची नोंद बदलतो. त्या पत्त्यावरून घरापर्यंत वाट आहे की नाही, हे तो तपासत नाही.

आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडल्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्या एकच पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटून देतात. याला सीजीनॅट म्हणतात. ओळखायला सोपं आहे. राउटरच्या पानावर वॅन आयपी पाहा, मग संगणकावर व्हीपीएन बंद ठेवून हे चालवा:

```
curl -4 https://ifconfig.me
```

समजा राउटर 100.72.14.9 दाखवतो आणि वरच्या कमांडचं उत्तर 203.0.113.25 येतं. 100.64 ते 100.127 ने सुरू होणारे पत्ते आरएफसी 6598 ने 2012 मध्ये याच कामासाठी राखून ठेवले आहेत. डीडीएनएस नोंदवतं तो दुसरा पत्ता, आणि तो कंपनीच्या यंत्राचा. बाहेरून आलेली विनंती तिथेच अडते, कारण ती कोणत्या घरी पाठवायची याची नोंद त्या यंत्राकडे नसते. तुमच्या राउटरवरच्या पोर्ट फॉरवर्डपर्यंत ती पोचतच नाही. पिंगला उत्तर आलं म्हणून हुरळून जाऊ नका, ते कंपनीच्याच यंत्राचं असू शकतं.

उपाय तीन. कंपनीकडे पब्लिक आयपी मागा. किंवा आयपीव्ही६ मिळत असेल तर सर्व्हरच्या पत्त्याची AAAA नोंद ठेवा आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढा पोर्ट उघडा. मात्र बाहेरच्या नेटवर्कवरही आयपीव्ही६ हवं. नाहीतर भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्डचा बोगदा काढा. तो घरातून सुरू होतो, म्हणून सीजीनॅट आड येत नाही.

आणखी काही गैरसमज

*स्टॅटिक आयपीच लागतो.* नाही. बदलता चालेल, पण पब्लिक हवा.

*पत्ता बदलला की नाव लगेच नवा दाखवतं.* नोंदीचा टीटीएल संपेपर्यंत जुना पत्ता मिळू शकतो.

*घरच्या वायफायवर उघडलं, म्हणजे बाहेरूनही उघडेल.* चाचणी मोबाइल डेटावरच करा.

*नाव कुणाला माहीत नाही, म्हणजे सर्व्हर सुरक्षित.* पोर्ट धुंडाळणारे प्रोग्राम नाव विचारत नाहीत, पत्ते चाळतात. एसएसएच उघडं ठेवायचंच असेल तर पासवर्डने लॉगिन बंद करून की वापरा.

नवा राउटर विकत घेण्याआधी ते दोन पत्ते शेजारी ठेवून पाहा. ते जुळत नसतील, तर आयपीव्ही४ वर कोणतीही डीडीएनएस सेवा तुमचा सर्व्हर बाहेर दाखवू शकणार नाही.