मुखीय ॲलर्जी लक्षणसमूह

मुखीय ॲलर्जी लक्षणसमूह म्हणजे परागकणांची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने काही कच्ची फळे, भाज्या किंवा कवचफळे खाल्ल्यावर तोंडात व घशात खाज सुटण्याची अवस्था होय. वैद्यकात ती ओरल ॲलर्जी सिंड्रोम किंवा पराग-अन्न ॲलर्जी लक्षणसमूह या नावांनी ओळखली जाते. सफरचंद आणि गाजर ही तिची सर्वपरिचित उदाहरणे आहेत. येथे मूळ ॲलर्जी फळाची नसून परागकणांची असते. फळातील एखादे प्रथिन परागकणातील प्रथिनासारखे असल्यामुळे शरीराची फसगत होते. कच्चे सफरचंद खाल्ल्यावर ज्या व्यक्तीच्या तोंडाला खाज सुटते, तिला त्याच सफरचंदाचा मुरंबा बहुधा बाधत नाही, हे या अवस्थेचे ठळक वैशिष्ट्य आहे.

## लक्षणे

पहिला घास घेतल्यापासून साधारण पाच ते पंधरा मिनिटांत ओठ, जीभ, टाळू आणि घसा यांना खाज किंवा चुणचुण सुटते. काहींचे ओठ किंचित सुजतात, तर काहींच्या कानात आतून खाज येते. खाणे थांबवल्यावर ही लक्षणे बहुधा अर्ध्या ते एका तासात आपोआप शमतात. ज्या परागकणांची ॲलर्जी असेल, त्यांच्या हंगामात त्रास वाढतो. आधी परागकणांची ॲलर्जी जडते आणि नंतर अन्नाचा त्रास सुरू होतो. त्यामुळे ही अवस्था तान्ह्या मुलांत क्वचित आणि मोठी मुले, तरुण व प्रौढ यांच्यात अधिक आढळते.

## इतिहास

ताज्या फळांमुळे होणाऱ्या अशा त्रासाचे वर्णन अमेरिकेतील टफ्ट आणि ब्लमस्टाईन यांनी १९४२ मध्ये केले होते. १९७७ मध्ये फिनलंडमधील हानुक्सेला आणि लाह्टी यांनी कच्ची फळे व भाज्या आणि बर्च वृक्षाच्या परागांची ॲलर्जी यांचा संबंध नोंदवला. ‘ओरल ॲलर्जी सिंड्रोम’ ही संज्ञा १९८७ मध्ये ब्रिटनमधील ॲमलट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखनातून रूढ झाली. १९८९ मध्ये व्हिएन्ना येथील संशोधकांनी बर्चच्या परागातील मुख्य ॲलर्जीकारक प्रथिनाची रचना उलगडली आणि सफरचंदाचा पराग्यांशी काय संबंध, या प्रश्नाच्या उत्तराची वाट मोकळी झाली.

## कारण : बर्च आणि सफरचंद

बर्च हा उत्तर व मध्य युरोपात सर्वत्र आढळणारा वृक्ष आहे. जुनी हस्तलिखिते ज्याच्या सालीवर लिहिली जात, तो हिमालयातील भूर्ज याच प्रजातीतला. युरोपात बर्च मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत फुलतो आणि त्याचे परागकण वाऱ्याबरोबर दूरवर पसरतात. या परागांतील मुख्य ॲलर्जीकारक प्रथिनाला ‘बेट व्ही १’ असे नाव आहे.

ॲलर्जी जडताना शरीर या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे नाक, डोळे, तोंड व त्वचा यांतील मास्ट पेशींना चिकटून राहतात. तेच प्रथिन पुन्हा आले, की प्रतिपिंडे त्याला धरतात आणि मास्ट पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते. शिंका, डोळ्यांतून पाणी आणि खाज ही त्याचीच फळे होत.

सफरचंदात ‘माल डी १’ नावाचे प्रथिन असते. ते आणि ‘बेट व्ही १’ ही दोन्ही सुमारे १६० अमिनो आम्लांच्या साखळ्यांची बनलेली असून निम्म्याहून अधिक जागी दोहोंतील अमिनो आम्ले एकच असतात. गाजरातील ‘डाउ सी १’ या प्रथिनाचे साम्य याहून कमी आहे, पण त्याच्या साखळीची घडी तशीच पडते. प्रतिपिंड साखळीचा क्रम ‘वाचत’ नाही, तर घडीच्या पृष्ठभागाचा आकार ओळखते. म्हणून परागांसाठी तयार झालेले प्रतिपिंड सफरचंदाच्या किंवा गाजराच्या प्रथिनालाही चिकटते. या प्रकाराला आडप्रतिक्रिया म्हणता येईल.

हे प्रथिन नाजूक असते. उष्णतेने त्याची घडी उलगडते, आणि घडी उलगडली की प्रतिपिंडाला ते ओळखता येत नाही. जठरातील पाचकरसही त्याचे लवकर तुकडे करतो. त्यामुळे घास गिळल्यावर त्याचा प्रभाव बहुधा संपतो आणि त्रास तोंडापुरताच राहतो. गाजराच्या कोशिंबिरीने खाजणारे तोंड गाजराचा हलवा मात्र निमूटपणे स्वीकारते, त्याचे कारण हेच.

## एक नमुना उदाहरण

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या गावात वाढलेली आणि शिक्षणासाठी जर्मनीला गेलेली एखादी व्यक्ती कल्पिली, तर या अवस्थेचा क्रम स्पष्ट होतो. गावी सफरचंद आणि गाजर तिने अनेकदा खाल्लेले असते, कधीही त्रास झालेला नसतो. जर्मनीतील पहिला वसंतही सुखरूप जातो, कारण बर्चच्या परागांशी शरीराची ओळख नुकतीच होत असते. काही वसंत उलटल्यावर एप्रिलमध्ये शिंका व डोळ्यांची खाज सुरू होते. ही सर्दी समजून दुर्लक्षिली जाते. त्यानंतरच्या एखाद्या हंगामात सफरचंद चावताच टाळू खाजू लागतो.

अशा वेळी फळावरील मेण किंवा फवारणी यांच्यावर संशय जातो. परंतु फळ धुऊन, साल काढून खाल्ले तरी खाज येते, फार तर ती कमी होते, कारण हे प्रथिन सालीत अधिक असले तरी गरातही असते. तेच सफरचंद पूर्ण शिजवून खाल्ले असता काही होत नाही. सुटीत ती व्यक्ती गावी परतते, तेव्हा तेथे बर्च नसूनही सफरचंदाने तोंड खाजू शकते, कारण प्रतिपिंडे तिच्या शरीराबरोबरच आलेली असतात. तिच्या घरच्या मंडळींना मात्र त्याच फळाने काही होत नाही. बदल फळात झालेला नसून खाणाऱ्याच्या शरीरात झालेला असतो.

## महाराष्ट्रातील संदर्भ

कोणते अन्न बाधेल हे त्या प्रदेशात कोणते पराग उडतात यावर ठरते. महाराष्ट्राच्या पठारावर बर्च वाढत नाही. येथील हवेत हरळी व इतर गवते, विलायती बाभूळ, गाजरगवत यांसारख्या वनस्पतींचे पराग असतात. म्हणून युरोपातील सफरचंद-गाजराची यादी येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

हरळी व विलायती बाभूळ यांच्या परागांत प्रोफिलिन नावाच्या प्रथिनगटातील ॲलर्जीकारक आढळले आहेत. प्रोफिलिन जवळजवळ सर्व वनस्पतींत थोड्याफार फरकाने सारखेच असते. त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेल्या व्यक्तीला खरबूज, कलिंगड, केळे किंवा टोमॅटो अशा परस्परांशी नाते नसलेल्या कच्च्या पदार्थांनी तोंडात खाज येऊ शकते. प्रोफिलिनही उष्णतेने व पाचकरसाने लवकर नष्ट होते.

गाजरगवताच्या नावामुळे एक गैरसमज संभवतो. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी दिसतात, म्हणून ते नाव पडले. प्रत्यक्षात गाजरगवत सूर्यफुलाच्या कुळातील आहे, तर गाजर हे कोथिंबीर व जिरे यांच्या कुळातील. त्यामुळे गाजरगवताची ॲलर्जी असणाऱ्याने केवळ नामसाम्यावरून गाजर सोडण्याचे कारण नाही. गाजरगवताचा उत्तर अमेरिकेतील आप्त असलेल्या रॅगवीडच्या ॲलर्जीत खरबूज, काकडी व केळे यांचा त्रास आढळतो, गाजराचा नव्हे.

## सुरण व अळू यांची खाज

कच्चे सुरण किंवा अळू यांची खाज ही ॲलर्जी नव्हे. या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते जिभेला व घशाला टोचतात. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवण्याची रीत त्यासाठीच आहे. अननसाने जीभ चुरचुरते, ती त्यातील प्रथिने तोडणाऱ्या विकरामुळे. ओळखण्याची खूण सोपी आहे : खाजरे अळू पंक्तीतील बहुतेकांना खाजते, ॲलर्जी मात्र एखाद्यालाच आणि प्रत्येक वेळी होते.

## निदान

निदानाचा मुख्य आधार रुग्णाने सांगितलेली हकिकत हा असतो : कोणता पदार्थ, कच्चा की शिजवलेला, किती वेळाने त्रास झाला, तो तोंडापुरता राहिला का, आणि वर्षातील कोणत्या महिन्यांत शिंका येतात. त्यानंतर त्वचेवर टोचणी-चाचणी केली जाते. फळांचे तयार अर्क साठवणीत निकामी होत असल्याने, तीच सुई आधी ताज्या फळात आणि मग हाताच्या त्वचेत टोचतात. पंधरा ते वीस मिनिटांत किमान तीन मिलिमीटरची गांध उठली, तर चाचणी सकारात्मक मानतात. ॲलर्जीरोधक गोळ्या काही दिवस आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद ठेवाव्या लागतात, अन्यथा गांध उठत नाही. चाचणी सकारात्मक असूनही ते फळ खाऊन त्रास होत नसेल, तर ते सोडण्याची गरज नसते.

## आहार व उपचार

ज्या कच्च्या पदार्थाने त्रास होतो तेवढाच टाळणे पुरेसे असते. त्याच कुळातील सर्व फळे वर्ज्य करण्याने आहार विनाकारण आक्रसतो. पदार्थ पूर्ण शिजवल्यास तो बहुधा चालतो. अर्धवट वाफवलेला मात्र बाधू शकतो. ताज्या फळांचा रस एका दमात पिणे हे एका फोडीपेक्षा अधिक धोक्याचे असते, कारण थोड्या वेळात बरेच प्रथिन पोटात जाते. ॲलर्जीरोधक गोळीने खाज कमी होते, पण पुढील धोका टळेलच असे नाही. परागांविरुद्धच्या प्रतिरक्षा-उपचाराने काहींचा फळांचा त्रासही कमी होतो, सर्वांचा नाही.

## धोक्याची चिन्हे

तोंडाची खाज प्रत्येक वेळी निरुपद्रवी असतेच असे नाही. शिजवलेला किंवा भाजलेला पदार्थही बाधत असेल, तर वेगळी ॲलर्जी संभवते. भुईमुगाच्या दाण्यांतील साठ्याची प्रथिने भाजूनही टिकतात आणि त्यांच्यामुळे जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. भूमध्य समुद्राच्या परिसरात पीच व सफरचंद यांच्या सालीतील, उष्णता व पाचकरस दोन्हींना न जुमानणाऱ्या प्रथिनांमुळे असेच गंभीर प्रकार आढळतात. बर्चची ॲलर्जी असलेल्यांना सोयाबीनचे दूध भरपूर प्यायल्याने तीव्र त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत.

अंगभर गांधी उठणे, आवाज बसणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, वारंवार उलटी, भोवळ ही लक्षणे तोंडापलीकडे गेलेल्या प्रतिक्रियेची आहेत. अशा वेळी खाज शमण्याची वाट न पाहता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. तेथील पहिला उपचार म्हणजे मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलीनचे इंजेक्शन होय. ॲलर्जीरोधक गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.