‘चंद्र’ला यमक शोधताना

‘रात’ला यमके ढीगभर आहेत, पण ओळीच्या शेवटी ‘चंद्र’ आला की कवी अडतो. अशा वेळी कागदावर यमकांचा साठा करावा. मुळाक्षरे क्रमाने घेऊन प्रत्येकापुढे ‘अंद्र’ उच्चारून पाहावे. अर्थपूर्ण शब्द मोजकेच हाती लागतात: मंद्र, अतंद्र. ‘रामचंद्र’ धरू नये, तिथे ‘चंद्र’च पुन्हा येतो.

त्याखाली ‘रंध्र’ लिहावा. ‘द’चा ‘ध’ झाला तरी कानाला तो फारसा खटकत नाही. त्यानंतर इंद्र, केंद्र, सांद्र. इथे व्यंजने जुळतात, पण आधीचा स्वर बदलतो. मुक्तछंदात किंवा गाण्यात ते खपतील. गझलेत मात्र नाही, कारण तिथे काफियातला तो स्वर, म्हणजे अलामत, शेवटपर्यंत एकच लागतो. भद्र, रुद्र आणखी दूरचे, त्यांत अनुस्वारच नाही.

आता अर्थाची चाळणी. समजा, ओळ आहे, ‘अंगणी उतरला चंद्र’. ‘अतंद्र’ ध्वनीने चोख, पण अंगणातल्या साध्या भाषेत तो पुस्तकी वाटतो. ‘इंद्र’ आणला तर पुराणातला देव विनाकारण येतो. ‘मंद्र’ म्हणजे खालच्या सप्तकातला स्वर, तो रात्रीत सहज मिसळतो: ‘दूर कुणी गाई मंद्र’. मात्राही तेराच भरतात.

काहीच बसले नाही, तर शब्दाचे रूप बदलावे. चंद्राला हाक मारली की ‘चंद्रा’ होते आणि ‘तंद्रा’ हे अचूक यमक मिळते. मात्र पुढे ‘ला’ लावू नये: ‘चंद्राला’ आणि ‘तंद्रेला’ जुळत नाहीत.